बँकेच्या अ‍ॅपमध्ये उत्तर आलं, पण अक्षरांऐवजी à¤ à¥ अशी चिन्हं! तक्रारीचा ईमेल बघून द्याल का?

ठाकुरद्वार

नमस्कार मंडळी. दादरला चष्म्याच्या दुकानात यूपीआयने १,२५० रुपये दिले. माझ्या खात्यातून पैसे गेले, पण दुकानदाराचा तो बोलका डबा काही बोलला नाही. मागे गिऱ्हाइकं ताटकळलेली, म्हणून रोख देऊन मोकळा झालो. घरी आल्यावर बँकेच्या अ‍ॅपमध्येच तक्रार नोंदवली. अ‍ॅपची भाषा मी मराठी ठेवली आहे. काही दिवसांनी अ‍ॅपमधल्या संदेशपेटीत उत्तर आलं, ते जसंच्या तसं इथे डकवतो:

```
à¤ªà¤¾à¤µà¤¤à¥€ 7 à¤¦à¤¿à¤µà¤¸à¤¾à¤‚à¤¤ à¤…à¤ªà¤²à¥‹à¤¡ à¤•à¤°à¤¾.
à¤…à¤¨à¥à¤¯à¤¥à¤¾ à¤¤à¤•à¥à¤°à¤¾à¤° à¤¬à¤‚à¤¦. â‚¹1,250
```

आता तक्रारीपुढे 'बंद' असा शेरा आहे. तो मात्र स्वच्छ मराठीत! ग्राहक सेवेला फोन केला तर तिथली मुलगी म्हणते, "सर, आमच्या स्क्रीनवर मेसेज व्यवस्थित दिसतोय. तुमच्याकडून काही आलं नाही म्हणून तक्रार बंद झाली."

खालचा ईमेल पाठवणार आहे. बँकेचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

> विषय: तुमचं अ‍ॅप भंगार आहे
>
> महोदय, तुमचं अ‍ॅप मला चिनी भाषेत उत्तरं पाठवतं. ग्राहकाची थट्टा लावली आहे. माझे पैसे ताबडतोब परत करा आणि अ‍ॅप दुरुस्त करा, नाहीतर मी रिझर्व्ह बँकेत जाईन.
>
> एक संतप्त ग्राहक

तिखट झालाय का? की अजून टाकू?

मिसळ_कटिंग

फाँटचा प्रॉब्लेम आहे. फोनमध्ये मराठी फाँट नसला की असंच होतं. फोन अपडेट करा, अ‍ॅप काढून परत टाका. बँकेला कशाला शिव्या?

ठाकुरद्वार

दोन्ही करून झालं. आणि याच फोनवर मी हा धागा मराठीत वाचतोय की.

पासबुक

बँकेत आयुष्य काढून निवृत्त झालो आहे, तेव्हा आधी ईमेलबद्दल. असे ईमेल मी ढिगाने वाचले आहेत. यात तक्रार क्रमांक नाही, व्यवहाराची तारीख नाही, रक्कमसुद्धा नाही. वाचणारा कर्मचारी त्यावर "कृपया तपशील द्यावा" असं छापील उत्तर पाठवेल आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पायरीवर. राग ठेवा, पण तो तपशिलाच्या मागे उभा राहू दे.

दुसरं, हा धागा सगळं जग वाचतं. इथे तक्रार क्रमांक किंवा व्यवहार क्रमांक टाकू नका. आत्ता टाकला नाहीत, छान केलंत.

सौ_पार्लेकर

आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेच्या नोटिशीचं अगदी हेच! सेक्रेटरी त्यांच्या कॉम्प्युटरवर टाइप करतात, आणि आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतं ejkBh वगैरे. मागच्या वेळी लिफ्टच्या खर्चाचा ठराव कोणालाच वाचता आला नाही आणि तो मंजूर झाला. बँकेतसुद्धा बहुतेक जुनाच टायपिस्ट बसला असेल. त्यांना युनिकोडमध्ये टाइप करायला सांगा.

अक्षरवेल

पार्लेकर ताई, तुमचा रोग वेगळा आहे. सेक्रेटरी कृतिदेवसारख्या जुन्या फाँटात टाइप करत असणार. त्या फाइलमध्ये मराठी नसतंच. असतात रोमन अक्षरं, आणि फाँट त्यांना 'म', 'र', 'ठ' यांचं रूप देतो. ejkBh म्हणजे 'मराठी'. फाँट गेला की e, j, k, B, h उघडी पडतात.

ठाकुरद्वार यांच्या मजकुरात साधी रोमन अक्षरं नाहीत. तिथे à¤ आणि à¥ ही जोडी पुन्हा पुन्हा येते आहे. हे म्हणजे मूळ मजकूर शुद्ध युनिकोड मराठीत होता याचा पुरावाच.

मिसळभाऊ, फाँटबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. फाँट नसला की रिकामे चौकोन दिसतात. तिथे मजकूर शाबूत असतो, फक्त काढून दाखवायला आकार नसतो. इथे फोन जे मिळालं ते अगदी प्रामाणिकपणे दाखवतो आहे. मिळालं तेच चुकीचं आहे. म्हणून अ‍ॅप काढून परत टाकल्याने फरक पडणार नाही.

मिसळ_कटिंग

बरं बाबा, चौकोन वेगळे नि हे वेगळं. पण मग हे à कुठून आलं? बँकेत कोणी फ्रेंच शिकतंय का?

अक्षरवेल

जवळपास तसंच! 'पावती' हा शब्द घ्या. युनिकोडच्या हिशेबात यात पाच तुकडे आहेत: प, काना, व, त आणि दीर्घ वेलांटी. प्रत्येकाला आपला क्रमांक आहे. यूटीएफ-८ पद्धतीने साठवताना देवनागरीचा प्रत्येक तुकडा तीन बाइट घेतो. आपल्या रोजच्या मराठीत पहिला बाइट कायम E0 असतो, दुसरा A4 किंवा A5, आणि तिसऱ्यावरून अक्षर ठरतं. 'प' म्हणजे E0 A4 AA.

आता मधल्या कुठल्या तरी यंत्रणेने हे बाइट विंडोज-१२५२ समजून वाचले. ही पश्चिम युरोपातल्या भाषांसाठी केलेली जुनी यादी आहे, आणि तिच्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर. त्या यादीत E0 ला à आहे, A4 ला ¤ आणि AA ला ª. झाला 'प' चा à¤ª. पाच तुकड्यांची पंधरा चिन्हं झाली, वर मोजून बघा.

शेवटचं â‚¹ बघितलंत? ते रुपयाचं चिन्ह. तेही तीन बाइटचं, E2 82 B9, पण देवनागरीच्या घरातलं नाही म्हणून त्याची सुरुवात â ने होते. साधे इंग्रजी अंक आणि पूर्णविराम मात्र दोन्ही पद्धतींत सारखेच, त्यामुळे 7 आणि 1,250 धडधाकट राहिले. बँकेने देवनागरी ७ लिहिला असता तर मुदतीचा आकडाही दिसला नसता.

ठाकुरद्वार

म्हणजे तो 7 मुदतीचा आहे?

अक्षरवेल

उलटं फिरवून बघा. à¤ª चे परत बाइट करायचे आणि ते यूटीएफ-८ म्हणून वाचायचे. लॅपटॉपवर पायथॉन असेल तर मजकूर uttar.txt मध्ये ठेवून हे चालवा:

```python
def b(c):
    try:
        return c.encode("cp1252")
    except UnicodeEncodeError:
        return c.encode("latin-1")

s = open("uttar.txt", encoding="utf-8").read()
print(b"".join(map(b, s)).decode("utf-8", "replace"))
```

नेटवर असं उलगडून देणारी पानंही सापडतात. पण बँकेचा संदेश परक्या साइटवर डकवू नका. त्यात खात्याचे आकडे, नाव, काहीही असू शकतं आणि वाचता येत नाही म्हणून ते तुम्हाला कळणारही नाही.

कुर्ला_फास्ट

मी चालवलं. हे आलं:

```
पावती 7 दिवसांत अपलोड करा.
अन�यथा तक�रार बंद. ₹1,250
```

ठाकुरद्वार साहेब, तुमच्याकडे दुकानाची पावती मागितली होती हो! आणि सात दिवसांची मुदत दिली होती.

पण ते काळ्या हिऱ्यातलं प्रश्नचिन्ह काय? पहिली ओळ स्वच्छ आणि दुसरीत दोन ठिकाणी खड्डे, असं का?

ठाकुरद्वार

कमाल आहे. पावती माझ्या पाकिटात आहे! रोख दिल्याचा शिक्का आहे तिच्यावर. आणि यांनी "प्रतिसाद नाही" म्हणून तक्रार बंद केली.

अक्षरवेल

कुर्ला, खड्डे कुठे पडले ते बघा: 'न्य' आणि 'क्र', दोन्ही जोडाक्षरं. जोडाक्षरात मध्ये हलन्त असतो आणि त्याचे बाइट E0 A5 8D. आता गंमत अशी की विंडोज-१२५२ च्या यादीत पाच जागा रिकाम्या आहेत: 81, 8D, 8F, 90 आणि 9D. हलन्ताचा शेवटचा बाइट नेमका त्या रिकाम्या जागेवर येतो. बऱ्याच प्रणाली तिथे एक न दिसणारं नियंत्रक चिन्ह ठेवतात. ते कॉपी करताना किंवा इथे डकवताना गळून पडतं. मग तीनपैकी दोनच बाइट उरतात आणि तिथे � दिसतं.

ऱ्हस्व उकाराचंही तेच, त्याचा शेवट 81. 'झ' चा 9D, 'ए' चा 8F, 'ऐ' चा 90. आणखी दोन फसवी अक्षरं आहेत. 'ठ' चा शेवटचा बाइट A0, ती न तुटणारी मोकळी जागा असते आणि कॉपी करताना कधी कधी साधी मोकळी जागा होऊन बसते. 'भ' चा AD, तो मऊ संयोगचिन्ह होतो, डोळ्यांना दिसत नाही.

म्हणजे स्क्रीनवरून उचललेल्या मजकुरातून मराठी परत मिळवता येतं, पण अर्धवट. 'अन्यथा' आणि 'तक्रार' आपण अंदाजाने ओळखले. तिथे एखाद्याचं नाव असतं तर अंदाज धोक्याचा होता. म्हणून आपण काढलेला अर्थ बँकेला "हेच तुमचं उत्तर होतं" असा ठासून सांगू नका. "असं असावं असं दिसतं, तुम्ही मूळ मजकूर पाठवा" असं लिहा.

कुर्ला_फास्ट

माझ्याकडे एका वित्तसंस्थेचे मराठी एसएमएस नुसते ???? ???? असे येतात. हीच युक्ती चालेल?

अक्षरवेल

नाही. ठाकुरद्वार यांच्याकडचं à¤ म्हणजे बाइट शाबूत आहेत, वाचन चुकलं. ???? म्हणजे कोणीतरी मराठी अशा पद्धतीत कोंबायचा प्रयत्न केला जिच्यात मराठीला जागाच नाही, आणि प्रत्येक अक्षराच्या जागी खरंखुरं प्रश्नचिन्ह लिहून टाकलं. तुमच्या फोनपर्यंत पोचली ती प्रश्नचिन्हंच. मूळ पाठवणाऱ्याकडेच मिळेल.

एसएमएसमध्ये याला एक कारण हमखास सापडतं. साध्या इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, युनिकोडमध्ये ७०. पाठवणाऱ्याने संदेशाचा प्रकार युनिकोड न ठेवता साधा ठेवला की मराठीची अशी प्रश्नचिन्हं होऊ शकतात. चुकून ठेवला की खर्च वाचवायला, ते तेच जाणोत.

नाइटशिफ्ट_पवई

मी अ‍ॅपच बनवतो (या बँकेचं नाही!). हे सरळ अ‍ॅपच्या टीमचं पाप आहे. सर्व्हरने उत्तर देताना

```
Content-Type: application/json; charset=utf-8
```

असं सांगायला हवं. ते नसलं की काही जुनी लायब्ररी आयएसओ-८८५९-१, म्हणजे विंडोज-१२५२ सारखीच जुनी यादी, गृहीत धरतात. एका ओळीचं काम. ईमेलमध्ये हीच ओळ लिहून पाठवा, डेव्हलपर लाजेल.

अक्षरवेल

शक्य आहे, पण मला शंका आहे. खरोखर आयएसओ-८८५९-१ ने वाचलं असतं तर 80 ते 9F मधले बाइट सगळे अदृश्य झाले असते. इथे 'पावती' च्या शेवटी चक्क € आहे. 'दिवसांत' मधल्या अनुस्वाराच्या जागी ‚ आहे, 'अपलोड' च्या 'अ' मध्ये … आहे. ही चिन्हं विंडोज-१२५२ मध्येच असतात.

नाइटशिफ्ट_पवई

हे मान्य. पण संदेशपेटी अ‍ॅपच्या आत वेबपान म्हणून उघडत असेल तर? ब्राउझरला आयएसओ-८८५९-१ सांगितलं तरी तो विंडोज-१२५२ च वापरतो, मानकातच तसं आहे.

अक्षरवेल

बरोबर, तो रस्ता उरतोच. दुसरा रस्ता डेटाबेसचा. मायएसक्यूएलमध्ये ज्याला latin1 म्हणतात तेही आतून विंडोज-१२५२ च असतं, आणि ८.० आवृत्तीच्या आधी वेगळं न सांगितल्यास तेच मिळायचं. नुसत्या चिन्हांवरून या दोघांत निवड करता येणार नाही.

ठाकुरद्वार, एक करा. तोच संदेश लॅपटॉपवर नेटबँकिंगमध्ये उघडून बघा. तिथे नीट दिसला तर पवईकर म्हणतात तसं अ‍ॅपचं वाचन चुकतं आहे. तिथेही à¤ दिसला तर साठवतानाच बिघडला असण्याची शक्यता जास्त.

ठाकुरद्वार

बघितलं. नेटबँकिंगमध्येही तेच. अगदी तीच चिन्हं. मेनू, शिल्लक, 'तक्रार बंद' हा शेरा, सगळं मराठी नीट. फक्त तो संदेश तसा.

अक्षरवेल

मग चित्र बरंचसं जमतंय. मेनू आणि शेरे अ‍ॅपमध्ये आधीच भरलेले असतात, ते या वाटेने येत नाहीत. उत्तर लिहिणारा कर्मचारी तक्रारींच्या वेगळ्या प्रणालीत बसतो. तिथे त्याने मराठीत लिहिलं आणि तिथे ते मराठीतच आहे, म्हणून फोनवरची मुलगी खरं बोलत होती. त्या प्रणालीतून ग्राहकाच्या संदेशपेटीत येताना मधल्या पुलावर ते बिघडलं.

हे ईमेलमध्ये लिहायलाच हवं. नाहीतर तुमची तक्रार अ‍ॅपच्या टीमकडे जाईल, ते स्वतःच्या फोनवर मेनू मराठीत बघतील आणि "दोष आढळला नाही" असा शेरा मारून परत पाठवतील.

नाइटशिफ्ट_पवई

नेटबँकिंग आणि अ‍ॅप दोन्ही एकाच सर्व्हरवरून घेत असतील तर अजूनही माझी ओळच गुन्हेगार असू शकते, हे नोंदवून ठेवतो. 😄 पण पूल म्हणालात ते पटलं.

जय_मुंबई

इतकं काय खोलात जाताय? महाराष्ट्रात मराठीत व्यवहार करणं बँकेला बंधनकारक आहे. ट्विटरवर टाका, टॅग करा, बघा कसे धावत येतात.

पासबुक

थोडं थांबा. रिझर्व्ह बँकेच्या ग्राहक सेवेच्या परिपत्रकात इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषा अशी त्रिभाषी अट आहे, पण ती किरकोळ ग्राहकांच्या छापील साहित्याबद्दल, म्हणजे अर्ज, स्लिपा, पासबुकं. अ‍ॅपमधल्या संदेशाला ती थेट लावली तर वाद भाषेवर जाईल आणि तुमचे १,२५० बाजूला राहतील. इथे भाषा नाकारलेली नाही, उत्तर पोचलेलं नाही. तो मुद्दा जास्त बळकट आहे.

आणि समाजमाध्यमावर जाहीर तक्रार टाकली की बँकेच्या नावाची खोटी खाती लगेच "सर, तुमचा नंबर द्या" म्हणून येतात. तिथे सांभाळून.

आता पैशांचं. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. दुकानदाराला यूपीआयने पैसे देताना खात्यातून रक्कम गेली आणि दुकानाकडे व्यवहाराची खात्री पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती आपोआप परत यायला हवी. त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाने न मागता द्यायची आहे. पण बँकेच्या नोंदीत तुमचा व्यवहार 'यशस्वी' दिसत असेल तर दुकानाच्या बँकेकडे विचारणा करावी लागते. पावती मागितली ती बहुधा त्यासाठी. डबा बोलला नाही एवढ्यावरून पैसे पोचले नाहीत असं सिद्ध होत नाही. दुकानदाराकडून त्या दिवशीच्या जमा रकमांची यादी मिळाली तर सोन्याहून पिवळं.

मी ईमेल असा लिहिला असता:

> विषय: तक्रार क्र. ____ पुन्हा उघडण्याबाबत – आपलं उत्तर वाचता न येण्याजोग्या स्वरूपात मिळालं
>
> माननीय तक्रार निवारण अधिकारी,
>
> माझ्या बचत खात्यातून (शेवटचे चार अंक ____) दि. ____ रोजी दादर येथील दुकानाला यूपीआयने ₹1,250 दिले. यूपीआयचा 12 अंकी व्यवहार क्रमांक ____. रक्कम खात्यातून वजा झाली. दुकानाला ती मिळाल्याची खात्री झाली नाही, म्हणून मी तेवढीच रक्कम रोख दिली. पावती सोबत जोडली आहे.
>
> याबाबतच्या वरील तक्रारीला आपण दि. ____ रोजी संदेशपेटीत उत्तर दिलं. ते मराठी अक्षरांऐवजी à¤, à¥ अशा चिन्हांत दिसतं. अ‍ॅप आणि नेटबँकिंग दोन्हीकडे तसंच दिसतं. दोन्हींचे स्क्रीनशॉट आणि मजकुराची फाइल जोडली आहे. अ‍ॅपमधला बाकीचा मराठी मजकूर याच फोनवर नीट दिसतो, त्यामुळे दोष माझ्या फोनचा नाही. आपल्या प्रतिनिधीच्या म्हणण्यानुसार त्यांच्या स्क्रीनवर हा संदेश नीट दिसतो. म्हणजे तक्रार प्रणालीतून संदेशपेटीत जाताना यूटीएफ-8 मजकूर विंडोज-1252 म्हणून वाचला जात असावा. कृपया हा भाग संबंधित तांत्रिक विभागाकडे पाठवावा.
>
> वाचता न आलेल्या संदेशाला प्रतिसाद दिला नाही या कारणावरून तक्रार बंद करण्यात आली. माझी विनंती अशी: 1) तक्रार मूळ तारखेपासून पुन्हा उघडावी. 2) मूळ उत्तर पीडीएफ स्वरूपात या ईमेलवर पाठवावं. 3) जोडलेल्या पावतीच्या आधारे रक्कम परत करावी आणि नियमानुसार भरपाई लागू असल्यास ती द्यावी.

ठाकुरद्वार

वा! माझ्या 'भंगार' पेक्षा हे जास्त जोरात लागेल. दोन शंका. स्क्रीनशॉट आणि मजकुराची फाइल दोन्ही कशाला? आणि "मूळ तारखेपासून" वर एवढा भर का?

अक्षरवेल

स्क्रीनशॉट माणसाला पटवतो, पण त्यातून बाइट काढता येत नाहीत. फाइलमधून येतात. ईमेलच्या मजकुरातच ती चिन्हं डकवली तर तिथे पुन्हा कुठेतरी रूपांतर होऊ शकतं, आणि काही बँकांचे तक्रार-अर्ज तर 'विशेष चिन्हं चालणार नाहीत' म्हणून अख्खा अर्जच परत फेकतात. तेव्हा नमुन्याला दोनच चिन्हं ईमेलमध्ये, बाकी जोडपत्रात. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा, एवढं बघा.

पासबुक

तारखेचं असं. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर समाधानकारक नसलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, cms.rbi.org.in वर. नवी तक्रार म्हणून नोंदवली की दिवस नव्याने मोजायला सुरुवात. आता तुमच्या बाबतीत "उत्तर दिलं" म्हणायचं की "दिलं नाही"? चिन्हांचं उत्तर हे उत्तर धरायचं का, यावर बँक एक म्हणेल, तुम्ही दुसरं. माझ्या मते ते असमाधानकारक उत्तरात नक्की बसतं, पण लोकपाल काय म्हणेल ते मी इथे बसून सांगणार नाही. त्यापेक्षा मूळ क्रमांकच जिवंत ठेवलेला बरा. "रिझर्व्ह बँकेत जाईन" हे वाक्य पहिल्या ईमेलमध्ये गाळलं आहे. त्याची वेळ नंतर.

सौ_पार्लेकर

माझ्या सोसायटीच्या नोटिशीवर लोकपाल नाही का कोणी? लिफ्टचं पत्र परत वाचायचं आहे.

अक्षरवेल

ताई, कृतिदेव ते युनिकोड असे परिवर्तक आहेत. पण सेक्रेटरींना सांगा की नोटीस पीडीएफ करून पाठवा, फाँट आत घालून. सगळ्यांचा वेळ वाचेल.

ठाकुरद्वार

अपडेट. पासबुक यांचा ईमेल रकाने भरून पाठवला होता, सोबत इंग्रजी प्रतही. तक्रार जुन्याच क्रमांकाने पुन्हा उघडली आहे. मूळ उत्तराची पीडीएफ आली. त्यात लिहिलंय: "पावती 7 दिवसांत अपलोड करा. अन्यथा तक्रार बंद. ₹1,250". म्हणजे कुर्लाच्या खड्ड्यांचे आपले अंदाज बरोबर निघाले. संदेशपेटीतही एक नवं उत्तर आलंय आणि ते स्वच्छ मराठीत आहे! जुना संदेश मात्र अजून तसाच à¤ मध्ये. हे कसं काय?

अक्षरवेल

म्हणजे पूल दुरुस्त केला, पण त्यावरून आधी गेलेले संदेश तसेच पडून आहेत. माझा साठवणुकीचा संशय यामुळे पक्का होतो. वाचण्यातला दोष असता तर जुना संदेशही सुधारलेला दिसला असता. पवईकर?

नाइटशिफ्ट_पवई

हरलो. ओळ निर्दोष.

अक्षरवेल

जुने संदेश बँकेला उलटं रूपांतर करून सुधारता येतील, हलन्तासकट. कारण त्यांच्या डेटाबेसमध्ये ते अदृश्य बाइट बहुधा अजून असतील, गळाले ते आपल्या कॉपी करण्यात. पण एक धोका आहे. दुरुस्तीची स्क्रिप्ट सरसकट सगळ्या संदेशांवर चालवली तर आधीच नीट असलेलं मराठी विंडोज-१२५२ मध्ये कोंबलं जाईल. तिथे मराठीला जागा नाही, आणि मग कुर्लाच्या एसएमएससारखी ???? होतील, कायमची. फक्त à¤ किंवा à¥ असलेल्या संदेशांवरच चालवावी, आधी प्रत काढून. जमलं तर हे त्यांना कळवा.

तोवर जुन्या-नव्या दोन्ही संदेशांचे स्क्रीनशॉट आणि ती पीडीएफ जपून ठेवा. पैसे अजून यायचे असतील तर लागतील.

पासबुक

आणि जुना संदेश वाचता येत नाही म्हणून पुसून टाकू नका. लोकपालाकडे जायची वेळ आली तर तक्रार का बंद झाली हे दाखवणारा तोच कागद आहे.

ठाकुरद्वार

पुसलेला नाही. स्क्रिप्टचं कळवलं, "तांत्रिक विभागाकडे पाठवलं आहे" असं उत्तर आलं. दुकानदारानेही त्या दिवशीची यादी दिली, तिच्यात माझे १,२५० नाहीत. तीही जोडली. पैसे अजून आलेले नाहीत. आले की लिहितो.